पिच डेकचा क्रम : कांदा चाळीच्या यंत्राचं एक उदाहरण

प्रश्न : आमचं यंत्र कांदा चाळीत बसवतात. आत कांदा सडायला लागला की शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना जाते. गेल्या हंगामात ४० चाळींत फुकट चाचणी घेतली. यंदा १४० चाळींत यंत्र आहे आणि त्यातल्या ९५ जणांनी हंगामाचं ५,५०० रुपये भाडं भरलंय. दीड कोटी उभे करायचेत. गुंतवणूकदारांना दाखवायचा डेक २४ स्लाइडचा झालाय. कंपनीची ओळख, टीम, व्हिजन, बाजारपेठ, मग समस्या आणि उपाय असा क्रम आहे. तीन ठिकाणी दाखवला. तिन्हीकडे पाचव्या-सहाव्या स्लाइडलाच “पण हे विकत कोण घेतंय?” असं विचारून थांबवलं. नेमका क्रम काय असावा आणि दीड कोटीची मागणी कशी मांडावी?

उत्तर :

तिन्ही ठिकाणी तोच प्रश्न आला, याचा अर्थ तुमच्या डेकमध्ये त्याचं उत्तर आहे, पण चुकीच्या जागी आहे. ९५ जणांनी पैसे भरले ही तुमच्याकडची सगळ्यात दणकट गोष्ट, आणि ती बहुधा पंधराव्या स्लाइडच्या पुढे कुठेतरी बसलीय. माझ्या पहिल्या कंपनीच्या डेकमध्ये मी नेमकं हेच केलं होतं. सुरुवातीच्या चार स्लाइड आमचा ‘प्रवास’ सांगण्यात घालवल्या आणि ऑर्डरींचा कागद शेवटी ठेवला. तिथपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

क्रम ठरवताना मी एकच गोष्ट बघतो : समोरच्याच्या मनात शंका कोणत्या क्रमाने येतात. त्रास खरा आहे का? तुम्ही तो घालवता का? त्यासाठी कोणी पैसे मोजले का? असे लोक आणखी किती? प्रत्येकामागे तुम्हाला काय सुटतं? दुसरं कोणी हे करत नाही का? तुम्हीच का? आणि पैसे दिले तर त्यांचं काय होईल? ‘आधी समस्या, मग उपाय, मग बाजारपेठ, मग ट्रॅक्शन म्हणजे ग्राहक मिळत असल्याचा पुरावा, शेवटी मागणी’ हा रूढ क्रम यातूनच आलाय. पण तो दगडावरची रेघ नाही. प्रवाशांना लोकांच्या घरात राहायची सोय करून देणाऱ्या एअरबीएनबीचा २००८-०९ सालचा सुरुवातीचा डेक सार्वजनिक आहे. त्यात समस्या आणि उपाय यांच्यानंतर लगेच एक पुराव्याची स्लाइड येते. स्वतःचे फारसे ग्राहक नव्हते, म्हणून त्यांनी दुसऱ्या दोन संकेतस्थळांवर लोक आधीपासूनच अनोळखी माणसांकडे राहायला जातात याचे आकडे दाखवले. बाजारपेठ किती मोठी हे त्यानंतर. तुमच्याकडे तर स्वतःचेच भाडं भरणारे शेतकरी आहेत. म्हणून चौथी स्लाइड त्यांचीच.

टीम मागे जाईल. नुसती कल्पना असते तेव्हा टीम पुढे आणावी लागते, कारण दाखवायला दुसरं काही नसतं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी चाळ असेल तर तेवढी एक ओळ मुखपृष्ठावर टाका, फोटो आणि पदव्या नवव्या-दहाव्या स्लाइडला जाऊ द्या. व्हिजनची स्लाइड काढून टाका.

आता समस्येची स्लाइड. तुम्ही बहुधा लिहिलं असेल की चाळीतल्या कांद्याची तीस ते चाळीस टक्के घट होते. हा आकडा सगळेच देतात, आणि तिथेच जाणकार माणूस तुम्हाला पकडतो. घट म्हणजे सगळी सड नव्हे. एप्रिल-मेमध्ये भरलेला उन्हाळ कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ठेवला तर त्याचं पाणी उडून वजन कमी होतं, पावसाळी दमट हवेत काहींना कोंब फुटतात, आणि काही सडतात. तुमचं यंत्र वाळणारं वजन थांबवत नाही, कोंबही थांबवत नाही. ते फक्त सड लवकर ओळखतं. मग समस्येच्या स्लाइडवर तेवढीच समस्या मांडा, आणि एका चाळीचा हिशेब मांडा.

२५ टनांची चाळ घ्या. एकूण घट ३० टक्के धरली तर साडेसात टन. त्यातली सड अडीच टन धरू. सूचना वेळेवर आली, शेतकऱ्याने चाळ फोडून निवड केली आणि त्यातली निम्मी सड टळली, तर वाचला सव्वा टन. १५ रुपये किलोने १८,७५० रुपये. निवडीच्या मजुरीचे ३,००० वजा केले तर हातात १५,७५०. भाडं ५,५००. शेतकऱ्याला भाड्याच्या जवळपास तिप्पट सुटतात. सड किती आणि टळली किती हे दोन आकडे मी अंदाजाने घेतलेत. तुमच्याकडे १४० चाळी आहेत, तिथे भरताना आणि काढताना वजन केलेलं असेल तर खरे आकडे घाला. केलं नसेल तर या हंगामात निदान दहा चाळींत करा, शेजारच्या यंत्र नसलेल्या दहा चाळींसकट. तेवढ्या एका तक्त्याचं वजन दहा देखण्या स्लाइडपेक्षा जास्त पडेल.

हाच हिशेब ८ रुपये भावाने करून बघा. सव्वा टनाचे १०,०००, मजुरी जाऊन ७,०००, आणि त्यातून तुमचं भाडं. शेतकऱ्याच्या हाती दीड हजार उरतात. म्हणजे भाव पडलेल्या वर्षी तुमचं यंत्र जेमतेम परवडतं. हे लपवू नका, पण समस्येच्या स्लाइडवर टाकूही नका. परिशिष्टात ठेवा, आणि कोणी “भाव पडला तर?” विचारलं की ते पान उघडा. कांद्याचं ज्याला कळतं तो हे विचारणारच.

उपायाच्या स्लाइडवर तंत्रज्ञान कमी आणि घटनाक्रम जास्त हवा. कोणता सेन्सर, कोणता वायू, हे एका ओळीत. बाकी जागा एका चाळीच्या गोष्टीला द्या : कोणत्या दिवशी सूचना गेली, शेतकऱ्याने कधी चाळ फोडली, किती कांदा निवडून बाजूला टाकला, उरलेला काय भावाने गेला. इथे एक गोम आहे. सूचना आली म्हणजे काम झालं असं नाही. मजूर मिळाले नाहीत किंवा त्या आठवड्यात भाव नसला तर शेतकरी सूचना बघून गप्प बसतो. किती सूचनांनंतर चाळ खरंच फोडली गेली, हा आकडा तुमच्याकडे असेल तर तो या स्लाइडवर हवा. यंत्र बरोबर होतं हे त्याने सिद्ध होतंच, शिवाय लोक त्यावर विसंबून हालचाल करतात हेही कळतं.

चौथी स्लाइड, पुराव्याची. “१४० चाळी” हा आकडा मोठ्या अक्षरात लिहायचा मोह होईल. आवरा. १४० मध्ये ४५ फुकटे आहेत, आणि ते दुसऱ्याच प्रश्नात बाहेर पडणार. मग समोरच्याला वाटतं की अजून काय काय फुगवलंय. मोठ्या अक्षरात ९५ लिहा, खाली ‘५,५०० रुपये भरून’. जमा ५,२२,५००. त्याहून महत्त्वाचा आकडा तुम्ही दिलाच नाही : गेल्या वर्षीच्या त्या ४० फुकट चाळींपैकी किती जणांनी यंदा पैसे भरले? समजा २९ असतील, तर “फुकट वापरलेल्या ४० पैकी २९ जण पुढच्या हंगामात पैसे देऊन परत आले” हे त्या स्लाइडचं शीर्षकच आहे. आणि ९ असतील, तर आधी उरलेल्या ३१ जणांना फोन करा, डेक नंतर.

आलेखाबद्दल एक सावधगिरी. तुमचा धंदा हंगामी आहे. महिनावार महसूल काढलात तर एप्रिल-मेमध्ये सुळका आणि मग सपाट रेघ. ते लपवायला लोक आतापर्यंतची एकूण बेरीज दाखवणारा आलेख काढतात. बेरीज कधी खाली येत नाही, धंदा बंद पडला तरी येत नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. हंगामाला हंगाम ठेवा, दोन उभे खांब, पैसे देणारे वेगळ्या रंगात. बस.

पुराव्यानंतर बाजारपेठ. देशात वर्षाला अडीच ते तीन कोटी टन कांदा पिकतो, त्याला भावाने गुणून हजारो कोटींचा आकडा काढणं सोपं आहे. पण ती कांद्याची बाजारपेठ झाली, तुमची नव्हे. तुम्ही कांदा विकत नाही, चाळीमागे हंगामाचं भाडं घेता. म्हणून मोजायच्या त्या चाळी. कृषी खात्याकडे अनुदान घेतलेल्या चाळींची नोंद असते, तालुकावार मिळवता येते. विनाअनुदान बांधलेल्या चाळींसाठी चार-पाच गावं प्रत्यक्ष फिरून प्रमाण काढावं लागेल. समजा नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे मिळून १५ टनांवरच्या ४०,००० चाळी निघाल्या. गुणिले ५,५०० म्हणजे वर्षाला २२ कोटी.

हा आकडा लहान आहे. सगळ्याच्या सगळ्या चाळी घेतल्या तरी २२ कोटी, आणि सगळ्या कधीच मिळत नाहीत. स्वतःच्या खिशातून पैसे घालणाऱ्या एंजल गुंतवणूकदाराला हे पुरू शकतं, दुसऱ्यांचे पैसे गुंतवणाऱ्या व्हेंचर फंडाला पुरणार नाही. त्यामुळे बाजारपेठेची स्लाइड एका आकड्याची नको, वर्तुळांची करा. आतलं वर्तुळ या चाळी, जिथे तुमचे ९५ ग्राहक आहेत. दुसरं वर्तुळ व्यापाऱ्यांची खळी, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सरकारचा राखीव साठा. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था केंद्रासाठी कांदा घेऊन साठवतात, आणि २०२३-२४ मध्ये या साठ्याचं लक्ष्य ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेलं होतं. तिथे एका करारात शेकडो चाळी येतात, पण निविदा, उशिरा मिळणारी बिलं आणि धोरणाची लहर हेही सोबत येतं. ते स्लाइडवरच लिहा. तिसरं वर्तुळ बटाटा, लसूण. तिथे यंत्र अजून तपासलेलं नसेल तर आकडा देऊ नका, फक्त नाव द्या.

बाजारपेठेच्या मागोमाग एका यंत्राचा हिशेब. यंत्राचा खर्च तुम्ही लिहिला नाही, मी ७,००० रुपये धरतो. भाडं ५,५००, त्यातून सिमकार्ड, फेऱ्या आणि दुरुस्तीचे १,२०० गेले तर हंगामाला ४,३०० उरतात. यंत्र दुसऱ्या हंगामात फिटतं. चार हंगाम टिकलं तर ७,००० घालून १७,२०० मिळतात. चांगलं आहे. पण आत एक अडचण दडलीय, ती मागणीच्या स्लाइडवर वर येईल.

स्पर्धेवर फार रेंगाळत नाही. सगळ्या खुणा आपल्या रांगेत हिरव्या असलेला तक्ता काढू नका. तुमचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी कंपनी नाही, शेतकऱ्याचं नाक आहे. वास आला की चाळ फोडायची, हे तो पिढ्यान्‌पिढ्या फुकटात करतोय. दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे लवकर विकून मोकळं होणं. शीतगृह आणि विकिरण हे पर्याय आहेत, पण गावातल्या चाळीला ते परवडत नाहीत. वास येण्याच्या किती दिवस आधी तुमची सूचना जाते, या एकाच आकड्यावर ती स्लाइड उभी राहते.

मग टीम, आणि मग पैसे. इथे थोडा वेळ घेतो.

“आम्हाला दीड कोटी हवेत : ४० टक्के उत्पादन, ३० टक्के मार्केटिंग, ३० टक्के इतर” असं वर्तुळ बहुतेक डेकमध्ये असतं. त्यातून काहीच कळत नाही. आकडा उलट दिशेने काढायचा असतो. पुढच्या वेळी पैसे मागायला जाल तेव्हा काय दाखवायचंय, ते आधी ठरवा, तिथवर जायला काय लागतं त्याची बेरीज करा, आणि ती बेरीज म्हणजे मागणी. एअरबीएनबीच्या त्याच डेकमध्ये ५ लाख डॉलर मागताना १२ महिन्यांत ८०,००० बुकिंग हे लक्ष्य शेजारीच लिहिलेलं होतं.

समजा तुम्ही म्हणालात, १८ महिन्यांत पैसे देणाऱ्या १,५०० चाळी. यंत्रं भाड्याने आहेत, म्हणजे प्रत्येक नवं यंत्र तुमच्या पैशाने बनतं. हीच ती दडलेली अडचण. आत्ता १४० यंत्रं आहेत, आणखी १,३६० गुणिले ७,००० म्हणजे ९५ लाख. सहा माणसांचे महिन्याला साडेचार लाख धरले तर १८ महिन्यांचे ८१ लाख. बेरीज १ कोटी ७६ लाखांवर गेली, आणि अजून फिरण्याचा, दुरुस्तीचा, अडीअडचणीचा खर्च धरलेलाच नाही. म्हणजे दीड कोटी आणि १,५०० चाळी ही जोडी जमत नाही. समोरचा हे मनातल्या मनात दोन मिनिटांत करतो.

दोन वाटा आहेत. एक, लक्ष्य ९०० वर आणा. ७६० नवी यंत्रं, ५३ लाख. माणसांवर महिना चार लाखांनी ७२ लाख. सेवा आणि प्रवास १२ लाख. शिल्लक १३ लाख हाताशी. हे दीड कोटीत बसतं, आणि ९०० चाळी म्हणजे हंगामाला साडेएकोणपन्नास लाख भाडं. दुसरी वाट, यंत्रांसाठी भागभांडवल वापरूच नका. भाग विकून आणलेले पैसे सगळ्यात महाग असतात आणि यंत्र ही दोन हंगामांत फिटणारी वस्तू आहे, तिला कर्ज किंवा कृषी सेवा केंद्राकडून घेतलेली अनामत जास्त शोभते. यातलं जे खरंच जमवता येईल ते लिहा. मी तुमच्या जागी असतो तर ९०० लिहिलं असतं, आणि कर्जाची बोलणी चालू असतील तर ती तोंडी सांगितली असती.

‘१८ महिने’ म्हणताना कॅलेंडर समोर ठेवा. पैसे जानेवारीत आले तर १८ महिन्यांत चाळी भरण्याचे दोन मोसम येतात, या वर्षीचा एप्रिल-मे आणि पुढच्या वर्षीचा. पैसे जूनमध्ये आले तर चाळी भरून झालेल्या असतात, आणि त्याच १८ महिन्यांत फक्त एक मोसम मिळतो. त्याच दीड कोटीत निम्मी प्रगती. पहिल्या भेटीपासून पैसे खात्यात यायला चार-सहा महिने सहज जातात, तेव्हा डेक ऑगस्टअखेर तयार हवा. मागणीच्या स्लाइडवर एक आडवी पट्टी काढून त्यावर हे दोन मोसम दाखवा. शेती न कळणाऱ्या माणसालाही घाई कशाची आहे ते कळतं, तुम्हाला ‘लवकर ठरवा’ म्हणावं लागत नाही.

कंपनीची किंमत डेकवर छापू नका, विचारली की सांगा. पण हिशेब डोक्यात पक्का ठेवा. पैसे येण्याआधीची किंमत साडेआठ कोटी धरली तर दीड कोटी आल्यावर ती १० कोटी होते आणि १५ टक्के भाग जातो. ‘साडेआठवर दीड’ की ‘दहावर दीड’ यात माणसं भेटीतच अडखळतात. कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे समभागांत बदलता येणारं कर्ज, घेणार असाल तर कंपनीला स्टार्टअप म्हणून केंद्राच्या डीपीआयआयटी खात्याची मान्यता हवी, आणि एका गुंतवणूकदाराकडून एका हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. म्हणजे दीड कोटीला जास्तीत जास्त सहा जण. पाच-पाच लाख घालणारे ओळखीचे लोक असतील तर त्यांना नोटेतून घेता येत नाही, प्राधान्य समभाग द्यावे लागतील. भेटीला जाण्यापूर्वी सीएशी हे एकदा बोलून घ्या.

हे सगळं ११-१२ स्लाइडमध्ये बसतं. उरलेल्या १२ स्लाइड फेकू नका, परिशिष्टात ठेवा. मेलवर जाणारा डेक आणि समोर उभं राहून दाखवायचा डेक वेगळे करा. मेलवरचा तुमच्याशिवाय वाचला जातो, त्यामुळे त्यात वाक्यं हवीत. डेक ऑनलाइन पाठवायची सेवा देणाऱ्या डॉकसेंडने २०१५ मध्ये केलेल्या पाहणीत एका डेकवर सरासरी ३ मिनिटं ४४ सेकंदं जात होती. तेवढ्यात बारीक अक्षरं कोणी वाचत नाही, शीर्षकं वाचतो.

म्हणून शेवटची तपासणी शीर्षकांची. ‘समस्या’, ‘उपाय’, ‘बाजारपेठ’ ही शीर्षकं नाहीत, ते कप्पे आहेत. त्याऐवजी पूर्ण वाक्य लिहा. दुसऱ्या स्लाइडवर “२५ टनांच्या चाळीत अडीच टन कांदा कोणाच्या लक्षात येण्याआधी सडतो.” तिसरीवर “आमची सूचना वास येण्याच्या इतके दिवस आधी जाते.” चौथीवर “९५ शेतकऱ्यांनी त्यासाठी पैसे मोजले, ४० पैकी २९ परत आले.” पाचवीवर “तीन जिल्ह्यांत अशा ४०,००० चाळी आहेत.” आकडे अर्थात तुमचे, खरे. मग नुसती शीर्षकं एका कागदावर उतरवून धंद्याशी संबंध नसलेल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. तो जिथे “म्हणजे?” म्हणून थांबेल, तिथे एक स्लाइड कमी आहे किंवा दोघींची जागा उलटी झालीय.